लिफ्ट देखभालीचा करार संपवण्याबाबत सूचना

सर्व सभासदांना नमस्कार,

लिफ्टच्या देखभालीचा आपला करार ३१ डिसेंबरला संपतो. मात्र ६० दिवस आधी लेखी नोटीस दिली नाही, तर तो आपोआप वर्षभर वाढतो. म्हणजे पत्र १ नोव्हेंबरपर्यंत कंपनीच्या हातात पडायला हवे. टाकल्याची तारीख धरली जात नाही. म्हणून ते २० ऑक्टोबरलाच पोचपावतीसह टपालाने आणि ईमेलनेही जाईल.

पत्रातले मुख्य वाक्य असे आहे: "नूतनीकरणाच्या कलमानुसार हा करार ३१ डिसेंबरला संपेल, तो आम्ही पुढे वाढवणार नाही." "संपवण्याचा विचार आहे" असे लिहिले, तर ती नोटीस ठरत नाही, म्हणून ते टाळले. तक्रारींची यादीही मुद्दाम घातलेली नाही. मुदत संपताना कारण देणे करारात बंधनकारक नाही, आणि दिले की त्यावरच वाद सुरू होतो.

सभासदांना विनंती:
- ३१ डिसेंबरपर्यंत सेवा आणि बिले नेहमीप्रमाणेच चालू राहतील. तंत्रज्ञांशी या विषयावर बोलू नका, त्यांचा यात काही दोष नाही.
- कंपनीकडून फोन आला, तर "सचिवांशी लेखी बोला" एवढेच सांगा. कुणी तोंडी "बघू" म्हटले, तरी घोळ होतो.
- लिफ्टच्या किल्ल्या किंवा दुरुस्तीची नोंदवही कुणाकडे असेल, तर १५ डिसेंबरपर्यंत कार्यालयात द्या.

– सचिव