श्रममंत्री महोदय, पगार चढतो पण पीएफ 15,000 वरच अडतो

प्रति,
माननीय केंद्रीय श्रम व रोजगार मंत्री,
नवी दिल्ली

सादर नमस्कार.

मी बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीतल्या काही छोट्या कारखान्यांची पगारपत्रकं करते. दर महिन्याच्या 15 तारखेच्या आत पीएफचं रिटर्न, आमच्या भाषेत ईसीआर, भरून चलन काढणं हे माझं काम. हेच पत्र आपल्याला गुजरातीतूनही पाठवलं आहे. मराठीतून इथे जाहीर लिहितेय ते दांडिया बाजार, रावपुऱ्यापासून मांजलपूरपर्यंतच्या आमच्या मंडळींसाठी. कारण पीएफ कापला जातो एवढं सगळ्यांना ठाऊक असतं, पण तो कशावर कापला जातो हे पासबुक उघडेपर्यंत कोणी बघत नाही.

ईसीआरमध्ये प्रत्येक कामगारापुढे एकूण पगाराचा रकाना असतो आणि त्याच्या शेजारी EPF Wages चा, म्हणजे ज्या पगारावर पीएफ कापायचा त्याचा. पहिल्या रकान्यात मी दरवर्षी वाढलेला आकडा टाकते. दुसऱ्यात बहुतेकांपुढे 15,000 टाकते, आणि पुढच्या वर्षीही 15,000 च टाकते. हे कायद्याला धरूनच आहे. 1 सप्टेंबर 2014 पासून पगारमर्यादा 15,000 आहे आणि मालकाने त्याच्यावरच्या रकमेवर पीएफ भरलाच पाहिजे असं बंधन नाही. काही कंपन्या पूर्ण बेसिक-डीएवर भरतात, पण ती त्यांची खुशी. मी ज्यांची कामं करते त्यातले बहुतेक मालक मर्यादेवर थांबतात.

याचा परिणाम एका कामगाराच्या खात्यावरून सांगते. धरा, एक फिटर 15,000 बेसिक-डीएवर लागला. त्याच्या पगारातून 12 टक्के म्हणजे 1,800 रुपये कापले. कंपनीनेही 1,800 भरले, पण ते सगळे त्याच्या पीएफमध्ये जात नाहीत. कंपनीच्या हिश्श्यातले 8.33 टक्के, म्हणजे 1,250 रुपये, पेन्शन योजनेत जातात आणि पीएफला उरतात 550. म्हणजे महिन्याला खात्यात जमा 1,800 अधिक 550, एकूण 2,350. पासबुकात पेन्शनचा रकाना वेगळा दिसतो. त्यावर व्याज चढत नाही आणि तो शिलकीत धरायचाही नसतो. दोन्हीकडून बारा-बारा टक्के जातात, म्हणजे 3,600 साठायला हवेत, असा हिशोब मांडणारे मला दर महिन्याला भेटतात.

आता व्याज. 2023-24 आणि 2024-25 या दोन्ही वर्षांसाठी दर 8.25 टक्के होता. वर्षभरात 28,200 भरले म्हणून व्याज 2,326 यायला हवं असं वाटतं, पण येतं 1,066. यात कोणी काही खाल्लेलं नाही. व्याज दरमहाच्या शिलकीवर मोजतात आणि जमा रकमेवर ते पुढच्या महिन्यापासून धरतात. वर्षाच्या पहिल्या भरण्याला अकरा महिन्यांचं व्याज मिळतं, दुसऱ्याला दहा महिन्यांचं, शेवटच्याला काहीच नाही. सरासरी काढली तर बारा हप्त्यांना साडेपाच-साडेपाच महिने पडतात. 2,350 गुणिले साडेपाच गुणिले 8.25 टक्के, म्हणजे 1,066. वर्षअखेर शिल्लक 29,266. पुढच्या वर्षी या सगळ्या रकमेवर पूर्ण वर्षाचं व्याज, आणि नव्या हप्त्यांवर पुन्हा साडेपाच महिन्यांचं. एवढं कळलं की कोणालाही आपलं पासबुक कागद-पेन्सिलीने ताडून बघता येतं.

हा फिटर कामाचा निघाला. मालक दरवर्षी त्याच्या बेसिकमध्ये 1,500 रुपये वाढवतो. दुसऱ्या वर्षी 16,500, तिसऱ्या वर्षी 18,000, असं करत दहाव्या वर्षी 28,500. व्याजदर दहाही वर्षं 8.25 धरू आणि वाढ प्रत्येक वर्षाच्या पहिल्या हप्त्यापासून लागू झाली असं मानू. खरं तर दर दरवर्षी ठरतो आणि 2021-22 मध्ये तो 8.10 पर्यंत उतरला होता. पण आपल्याला तुलना करायची आहे, तेव्हा एकच दर चालेल.

पीएफ 15,000 वर थांबवला तर दहाव्या वर्षीही खात्यात महिन्याला तेच 2,350 पडतात, आणि दहा वर्षांनी शिल्लक होते साधारण 4,29,000. पूर्ण बेसिकवर कापला असता तर पेन्शनचे 1,250 तेवढेच राहून महिन्याचा भरणा दरवर्षी 360 रुपयांनी वाढला असता. दहाव्या वर्षी त्याचे 3,420 आणि कंपनीचे 2,170, मिळून 5,590. शिल्लक झाली असती साधारण 6,82,000. फरक अडीच लाखांच्या वर.

आपले अधिकारी म्हणतील की या फरकातला अर्धा भाग कामगाराच्याच पगारातला आहे, तो त्याच्या हातात गेला. खरं आहे. हातात चार पैसे जास्त पडावेत म्हणून कामगारही बऱ्याचदा मर्यादेवरच खूश असतो, आणि मुलांच्या शाळेची फी भरायच्या महिन्यात त्याचं चुकतं असं मी म्हणणार नाही. शिवाय स्वतःचा हिस्सा त्याला व्हीपीएफमधून, म्हणजे स्वखुशीने जास्त कापून घेऊन, वाढवता येतो. पण उरलेला अर्धा, म्हणजे सव्वा लाखाच्या वरची रक्कम, कंपनीच्या हिश्श्याची आहे. ती त्याच्या हातातही येत नाही आणि खात्यातही जात नाही. दहाव्या वर्षी त्याचा पगार 28,500 आणि कंपनीचा भरणा, पेन्शन धरून, 1,800. म्हणजे 12 टक्क्यांचे 6.3 टक्के झाले. दर बदलायला कोणाला सहीसुद्धा करावी लागली नाही.

ही मर्यादा कायमच अशी उशिरा हलत आली आहे. 1994 मध्ये ती 5,000 झाली, 2001 मध्ये 6,500, आणि मग थेट 2014 मध्ये 15,000. मधली तेरा वर्षं ती जागची हलली नाही आणि हलली तेव्हा दुपटीहून वर गेली. तेव्हा एका महिन्यात अनेकांचा हातातला पगार घटला आणि मालकांचा खर्च वाढला. साहजिकच दोघेही कुरकुरले. आमच्या गुजरातेत किमान वेतनातला महागाईचा भाग वर्षातून दोनदा, एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये, बदलतो. मी पगारपत्रकात तो बदलते, कोणाची तक्रार नसते. सरकारला पगार महागाईशी बांधता येतो, मग पगारावरची मर्यादा का नाही?

आणखी एक गोष्ट, जी कागदावर दिसत नाही. ज्याचं आधी पीएफ खातं नाही असा मुलगा 15,000 च्या वर बेसिकवर लागला, तर त्याला पीएफमध्ये घेण्याचं बंधन राहत नाही. मग नेमणुकीच्या पत्रात बेसिक 15,100 लिहिलं जातं. आयटीआय होऊन नुकताच आलेला पोरगा शंभर रुपये जास्त मिळाले म्हणून आनंदात सही करतो. पुढे त्याचा पगार कितीही वाढो, त्याचं खातंच नसतं. मर्यादा थिजलेली असल्यामुळे दरवर्षी जास्त नव्या मुलांचा पहिला पगार तिच्या पलीकडे जातो, म्हणजे ही पळवाट दरवर्षी रुंद होत जाते.

मर्यादा वाढवण्यात सरकारचाही खर्च आहे, हे मला कळतं. पेन्शन योजनेत केंद्र सरकार मर्यादेपर्यंतच्या पगाराच्या 1.16 टक्के भरतं, म्हणजे आज माणशी महिन्याला जास्तीत जास्त 174 रुपये. मर्यादा एकदम 25,000 केली तर ते 290 होतील आणि कोट्यवधी सदस्यांच्या हिशोबात ती रक्कम लहान नाही. पण दरवर्षी 1,500 रुपयांनी सरकवली, तर सरकारवर माणशी महिन्याला दरवर्षी फक्त 17 रुपये 40 पैसे वाढतात. कंपनीवर माणशी 180 रुपये, आणि कारकुनी व विम्याचे थोडे वर. एवढी वाढ वर्षाच्या अंदाजपत्रकात बसवायला कोणत्याही मालकाला जड जाऊ नये.

त्यात कामगाराचं काय होईल तेही प्रामाणिकपणे सांगते, कारण मर्यादा वाढली की सगळं पीएफमध्येच जाईल असा समज आहे. तसं होत नाही. पेन्शनचा 8.33 टक्के हिस्साही नव्या मर्यादेवर कापला जाईल, म्हणून पीएफमध्ये पगाराच्या 15.67 टक्केच साठतील. आमच्या फिटरच्या खात्यात दहा वर्षांनी साधारण 5,94,000 होतील. पूर्ण बेसिकवर भरणाऱ्या कंपनीत झाले असते त्यापेक्षा कमी, आज होतात त्यापेक्षा सुमारे 1,65,000 ने जास्त. आणि 15,000 वर अडकलेला पेन्शनचा पायाही वर सरकेल, जो आज पूर्ण पगारावर पीएफ भरणाऱ्या कंपन्यांतल्या बहुतेकांचाही सरकत नाही.

म्हणून मागण्या दोनच आहेत. पगारमर्यादा दर एप्रिलला ठरलेल्या निर्देशांकाप्रमाणे आपोआप बदलावी आणि तिचा आकडा फेब्रुवारीतच जाहीर व्हावा, म्हणजे आम्हाला एप्रिलचं पगारपत्रक वेळेवर करता येईल. आणि मर्यादा बदलेल त्या दिवशी जो नोकरीत आहे पण 15,100 च्या पत्रामुळे पीएफच्या बाहेर आहे, त्याचा पगार नव्या मर्यादेच्या आत येत असेल तर त्याला त्याच महिन्यापासून सदस्य करून घेणं बंधनकारक आहे, हे अधिसूचनेतच स्पष्ट लिहावं. नाहीतर जुन्या पत्रांवर बोट ठेवून ते राहूनच जाईल.

या पत्रातले आकडे मी हातानेच काढले आहेत. आपल्या कार्यालयातून कोणी ते तपासू म्हणालं, तर वर्षवार तक्ता पाठवायला तयार आहे.

आपली विश्वासू,
पगारपत्रकं करणारी एक बडोदेकर