माधवला फोन केलास का?

सेलू
२२ जून

चि. ओंकार,

रविवारी फोन मीच आपटला. सांगितलेलं ऐकतोस, पण करत नाहीस, याचा राग आला होता. तुझ्या आत्यासमोर तुझा आवाज चढला त्याचंही वाईट वाटलं. पण फोनवर पुन्हा तेच होईल, म्हणून लिहिते आहे. सावकाश वाच.

नीटचा निकाल लागून आठ दिवस झाले आणि तू माधवला एक अक्षर पाठवलं नाहीस. "काय लिहू आई, त्याला वाटेल मी मिरवतोय," असं तू म्हणालास. मला ते कळतं. लातूरला दोन वर्षं एका खोलीत राहिलात, एका डब्यात जेवलात, आणि एकाच दुपारी निकाल पाहिलात. तुझे मार्क बघून मी देवापुढे पेढा ठेवला. दुसरा पेढा घेऊन माधवच्या घरी सुमनताईंकडे निघाले आणि त्यांच्या बोळाच्या तोंडावरून परत आले. पोराच्या यशाचा पेढा हातात असताना पाय अडखळावा, असं मला आयुष्यात पहिल्यांदा झालं. म्हणजे जे तुझं झालंय तेच माझंही झालं होतं. पण दुसऱ्या दिवशी मी रिकाम्या हातानं गेले. तूही तसाच जा. येता येत नसेल तर फोन कर.

माधव ओसरीवर बसला होता. सोयाबीनची उगवण बघायला नामदेवभाऊंनी त्याला बसवलं होतं. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळी, शंभर दाणे. मला बघून उठला, पाणी आणून दिलं आणि परत दाणे मांडत बसला. मी निकालाचं काही काढलं नाही. पाचेक मिनिटांनी तोच म्हणाला, "मॅडम, मी नापास झालो." घरात मला काकू म्हणणारं पोरगं त्या दिवशी मॅडम म्हणालं. ते मला लागलं.

पहिली गोष्ट तीच सांग त्याला. नीटमध्ये नापास असं काही नसतं. खुल्या गटाला पन्नास पर्सेंटाईल आणि राखीव गटाला चाळीस, एवढ्याच्या वर असलेला पात्र. तो पात्र आहे. एमबीबीएसची सरकारी जागा मिळेल एवढे मार्क नाहीत, एवढंच खरं. गावात दोन्हीला एकच शब्द आहे आणि त्याचं ओझं त्यानं उचललंय. मी तेव्हा समजावायला गेले नाही, कारण त्या दिवशी त्याला समजावणं नको होतं. तुझ्या तोंडून ऐकलं तर कदाचित पोहोचेल.

मी परवा पुन्हा गेले. जाताना कोऱ्या पानांची वही नेली. ओएमआरची प्रत त्यानं साईटवरून काढून ठेवली होती, प्रश्नपुस्तिका होती, उत्तरतालिका होती, पण तिन्ही शेजारी ठेवून बघायचं धाडस झालं नव्हतं. मी म्हटलं, आपण मार्क नाही बघायचे, दाणे मोजल्यासारखे प्रश्न मोजायचे. दोन तास बसलो. हे ओंकारला सांगू का, असं मी त्याला विचारलं. "सांगा काकू," म्हणाला. म्हणून आकडे लिहिते, ते तुझ्यापुरतेच.

एकशे ऐंशीपैकी ११२ बरोबर, ५८ चूक, १० कोरे. बरोबरला चार मिळतात, चुकीला एक जातो, म्हणजे ४४८ वजा ५८, ३९०. त्याला वाटत होतं की शेवटच्या दहा मिनिटांत अंदाजे गोळे काळे केले, त्यानंच घात केला. तसं नसतं रे. चार प्रश्न डोळे मिटून ठोकले तर सरासरीनं एक बरोबर येतो आणि तीन चुकतात, चार मिळतात, तीन जातात. त्यात ना मोठी कमाई ना तोटा. आठ दिवस हे पोरगं त्या दहा मिनिटांवर जळत होतं.

मग आम्ही त्या ५८ चुकांचे तीन ढीग केले. येत होतं पण चुकलं, ते २१. दोन पर्यायांत अडकलं, ते १४. येतच नव्हतं, ते २३. पहिला ढीग नीट बघ. चुकलेला प्रश्न बरोबर आला तर चार नाही, पाच मार्क वाढतात, कारण गेलेला एकही परत येतो. एकवीस पंचे एकशे पाच. त्याची ३९० ची रेघ ४९५ वर जाते, आणि नवं काही न शिकता. या २१ मधले १३ जीवशास्त्राचे होते. माझ्याच विषयाचे! पुस्तिका काढून बघितलं तर बहुतेक ठिकाणी "अयोग्य विधान ओळखा" होतं आणि पठ्ठ्यानं योग्य विधान ओळखलं होतं. एका पानावर तर त्यानं बरोबर विधानापुढे पेनानं टिक केली होती आणि गोळाही त्याचाच भरला होता. त्या टिकेवर बोट ठेवून तो कितीतरी वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "हे मला येत होतं." निकालानंतर त्याच्या तोंडून मी ऐकलेलं ते पहिलं सरळ वाक्य.

पण त्याला खोटी आशा देऊ नकोस, ओंकार. तिसरा ढीग पण आहे. त्या २३ मधले १५ भौतिकशास्त्राचे, आणि वर तिथलेच ६ कोरे. भौतिकशास्त्रात पंचेचाळीसपैकी १६ बरोबर. हे घाईचं काम नाही, अकरावीचा पायाच कच्चा आहे. म्हणून "एक वर्ष रिपीट कर, होतंय" असं जे सगळे म्हणतात ते तू म्हणू नकोस. नुसत्या टेस्ट सिरीजच्या रिपीटर बॅचला गेला तर पहिला ढीग कमी होईल, तिसरा तसाच राहील. रिपीट करायचंच तर पहिले तीन-चार महिने भौतिकशास्त्र अकरावीपासून शिकवणारं कुणी हवं, आणि ते लातूरलाच हवं असं नाही. ४९५ ला तरी काय मिळेल हे कुणी सांगू शकत नाही, दरवर्षी पेपर बदलतो आणि कटऑफ बदलतो.

बघ, मी वर्गात शिकवल्यासारखं लिहायला लागले. माफ कर. तुला हे सगळं येतं, तू यातूनच गेलास. मला म्हणायचं एवढंच होतं, त्याला फोन कर.

आणि रिपीटचा निर्णय आज घ्यायचा नाही, हे पण सांग. पंधरा दिवस झोप, जेवण, रान, आणि मग वही उघडून बसायचं. मधल्या काळात फक्त अर्ज चुकू द्यायचे नाहीत. याच मार्कांवर बीएएमएस, बीएचएमएस, फिजिओथेरपीचे प्रवेश होतात. पशुवैद्यकीयही याच मार्कांवर, त्याचा अर्ज मात्र वेगळा भरायचा असतो, आणि कॉलेज परभणीला आहे, उदगीरलाही आहे. एमएचटी-सीईटी त्यानं दिलीच आहे, त्यावर बी.फार्म. आणि परभणीच्या कृषी विद्यापीठाचं बी.एस्सी. ॲग्री आहे. अर्ज भरला म्हणजे रिपीटचा रस्ता बंद होत नाही, पण अर्जाची तारीख गेली की हा रस्ता बंद होतो. गेल्या वर्षी त्यांची गाय अडली होती तेव्हा रात्री दोनला डॉक्टर येईपर्यंत तिच्याजवळ कोण बसलं होतं, तुला माहीत आहे. तू म्हणालास म्हणून नको, पण त्याला एकदा विचार, त्याला काय आवडतं. आजवर कुणी विचारलं नसेल. आपणही नाही.

नामदेवभाऊंना मी जात पडताळणीचं आणि नॉन-क्रिमीलेयरचं बघायला सांगितलंय. ते म्हणाले, पेरणी झाली की बघतो. मृग कोरडाच गेला, पेरणी कधी व्हायची! मीच कागद घेऊन सोमवारी तहसीलला जाते.

आता जे फोनवर बोलले नाही ते लिहिते. बापूमामाचं बारावीला असंच झालं तेव्हा घरात आठ दिवस त्याच्याशी कुणी बोललं नाही. आण्णा रागावले नव्हते रे, त्यांना काय बोलावं कळत नव्हतं. मलाही कळत नव्हतं. मी चौदा वर्षांची, त्याला ताट वाढायचे आणि निघून यायचे. नवव्या दिवशी तो सिकंदराबादच्या गाडीत बसून गेला. चौदा महिने आमच्या आईनं रोज एक भाकरी जास्त थापली. तो परत आला, देवाची कृपा, पण त्या भाकऱ्या मी विसरले नाही. म्हणून रविवारी "आठ दिवस झाले" म्हणताना माझा आवाज तसा झाला.

लिहायला काय लिहू म्हणतोस, तर एवढंच लिही: "माध्या, मला काय बोलावं कळत नव्हतं म्हणून बोललो नाही. चुकलं. उत्तर नको देऊ. उद्या सकाळी फोन करतो, नाही उचललास तर परवा करतो." याच्यापुढे सल्ला नको. तुझे मार्क, तुझं कॉलेज, यातलं काही नको, त्यानं विचारलं तर मात्र खरं सांग, लपवू नकोस, लपवलेलं जास्त लागतं. आणि बोलताना तो फारच तुटक वाटला, "माझं आता काय उरलंय" असं काही म्हणाला, तर विषय बदलू नकोस. सरळ विचार, जिवाचं काही मनात येतं का रे? विचारल्यानं ते मनात भरत नाही. हो म्हणाला तर फोन चालू ठेव आणि आत्याच्या फोनवरून मला लाव, मी पाच मिनिटांत तिथे असेन. १४४१६ हा टेलिमानसचा नंबर त्याला दे, रात्रीही लागतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलतात. मी सुमनताईंना देऊन ठेवलाय, त्यांनी तो चुलीजवळच्या भिंतीवर खडूनं लिहिलाय.

तो सकाळी सहाला रानात जातो. पावणेसहाला उठतोस का तू? उठ.

तुझी कौन्सिलिंगची फाईल मी लाल पिशवीत ठेवलीय, मूळ कागद कुणाच्या हातात देऊ नकोस. आत्याला त्रास देऊ नकोस. रागावले त्याबद्दल मला वाईट वाटतं, फोन आपटला त्याबद्दल जास्त.

तुझी,
आई

ता. क. काल संध्याकाळी गोणपाट उघडलं. शंभरातले ७६ उगवले. सत्तरच्या वर म्हणजे घरचं बियाणं चालतं. न उगवलेले त्यानं फेकले नाहीत, कुजलेले एका बाजूला आणि टणक राहिलेले एका बाजूला करून मोजत बसला होता. मला म्हणाला, "ओंक्याचा फोन आला का तुम्हाला?"