आईचा पदर डाव्या खांद्यावर आणणाऱ्या स्टुडिओवाल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

त्या दिवशी तुमच्या दुकानात मी धड बोललोही नाही. आई जाऊन नऊ दिवस झाले होते, श्रद्धांजली सभा परवावर आली होती, आणि माझ्या पिशवीत दुसऱ्या दुकानातून करून आणलेला एक फ्लेक्स होता, जो घरी उलगडल्यावर बायकोनं तसाच गुंडाळून ठेवला होता.

त्या दुकानदाराचं नाव घेत नाही. त्यानं एका लग्नाच्या ग्रुप फोटोतून आईचा चेहरा कापला आणि कुणाच्या तरी तयार पैठणीवर बसवला. माझी आई जन्मभर सुती पातळात वावरली. वर सुरकुत्या पुसल्या, रंग दोन छटा उजळ केला, मागे ढग, बाजूला हंस, खाली समई. मी कुरकुरलो तर म्हणाला, "सगळे असंच करतात." आणि खाली एक्केचाळीस फोटो! ते नातेवाइकांचं प्रेम. ज्यानं पाठवला त्याचा एकेक तरी लागलाच पाहिजे. अठरा बाय चोवीसमध्ये एवढे बसवल्यावर प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम तीन इंच आले, आणि ग्रुपमधल्या आईचा चेहरा मटाराच्या दाण्याएवढा.

तुम्ही तो फ्लेक्स बघून हसला नाहीत. पाणी दिलंत आणि विचारलंत, "घरात कशा असायच्या?"

मग फोटो निवडायला बसलो. फुलं वाहायला माणूस चार-पाच फुटांवर उभा राहतो, तिथून ओळखू येईल एवढा चेहरा हवा, या एका कसोटीवर तुम्ही एक्केचाळिसांचे सात केलेत. हॉस्पिटलमधला, नळी लावलेला फोटो माझ्या भावानं हट्टानं दिला होता, "शेवटचा आहे" म्हणून. तो तुम्ही काही न बोलता उलटा करून ठेवलात. हार घालायची तसबीर वेगळी आणि कोलाज वेगळा, हेही तुमचंच. सहा फोटोंत आम्ही जिवंत माणसं आईशेजारी होतो, त्या बोर्डावर हार चढला असता तर मावशीनं सभा डोक्यावर घेतली असती. तसबिरीत डोक्यावर चांगली चार बोटं जागा सोडलीत. हार खाली ओघळतो आणि कपाळ झाकतो, हे मला कुठून माहीत असणार?

मोठा फोटो मात्र जमेना. भाचीनं स्वयंपाकघरात काढलेला सेल्फी सगळ्यांना आवडला होता, आई त्यात अगदी मोकळी हसत होती. तुम्ही तो व्हॉट्सॲपवर पुन्हा, पण डॉक्युमेंट म्हणून मागवलात, म्हणजे दाबला न जाता पूर्ण येतो. भाचीला कडेनं कापून टाकलं. तरी स्क्रीनवर बघताना मला काहीतरी खटकत होतं. आई होती, पण आईसारखी वाटत नव्हती. नऊ दिवसांतच चेहरा विसरायला लागलो की काय, या विचारानं माझ्या पोटात गोळा आला.

तुम्ही चष्मा वर करून म्हणालात, "तुम्ही गुजराती नाही ना? मग आईंचा पदर उजव्या खांद्यावर कसा?"

मी बघत राहिलो. चमकीही उजव्या नाकपुडीत. मागच्या कॅलेंडरवरचे आकडे उलटे. काही फोन सेल्फी आरशात दिसतो तसाच साठवतात, तुम्ही सांगितलंत. आईला स्वतःला हाच चेहरा ओळखीचा वाटला असता, कारण ती स्वतःला आरशातच बघायची. आम्ही तिला समोरून बघत आलो. तुम्ही एक बटण दाबलंत. फोटो डावीकडून उजवीकडे फिरला, आणि काका, आई आली. तीच किंचित वाकडी जिवणी, तोच गालावरचा तीळ, जागच्या जागी.

मी रडलो तेव्हा तुम्ही उठून शटर अर्धं खाली ओढलंत. गिऱ्हाईक उभं होतं, त्याला म्हणालात, "पंधरा मिनिटांनी या." पदराचं कुणी ना कुणी कधीतरी सांगितलंही असतं. ते शटर मी विसरणार नाही. धंद्यात असे लोक असतात आणि त्यांच्या पाटीवर तसं काही लिहिलेलं नसतं.

सुरकुत्या तुम्ही राहू दिल्यात. प्रिंट मॅट काढलंत, म्हणून हॉलच्या ट्यूबलाइट आईच्या चेहऱ्यावर चमकल्या नाहीत. सभेत मावशी तसबिरीसमोर बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "आत्ता हाक मारेल बघ." भावानं हॉस्पिटलच्या फोटोचं नावही काढलं नाही.

सुट्टे नव्हते म्हणून तुमचे चाळीस रुपये द्यायचे राहिलेत. शनिवारी येतो. अल्बममधला आई-बाबांचा जुना फोटोही आणतो, त्याला कोपऱ्यात वाळवी लागली आहे. जेवढं वाचेल तेवढं बघा.

तुमचा,
सुती पातळवाल्या आईंचा मुलगा