स्टँडबाहेरच्या मामांना, उसवलेल्या सात टाक्यांबद्दल

मामा, नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं. कोल्हापूरच्या मध्यवर्ती स्टँडबाहेर, चहाच्या गाड्याला लागून, काळ्या छत्रीखाली बसता ते तुम्ही. मोबाईलवरचं बारीक अक्षर दिसत नाही असं म्हणाला होता, म्हणून गाड्यावरच्या पोराला हे वाचून दाखवायला सांगा. मी ती गगनबावड्याची गाडी चुकलेली बाई. तपकिरी बॅगवाली.

बॅग २००६ सालची. पहिल्या पगारातून धारावीत घेतलेली. माझं काम पतसंस्थांचे हिशेब तपासायचं, त्यामुळे महिन्यातले पंधरा दिवस एसटीत जातात आणि ही बॅग माझ्या खांद्यावर. घरचे म्हणतात, हिला आता पेन्शन दे. त्या दिवशी स्टँडवर उतरताना उजवीकडचा पट्टा मुळातूनच फाटला आणि फायलींसकट सगळं फलाटावर. लोक ओलांडून गेले. एकाने पाण्याची बाटली उचलून दिली, तेवढंच.

तुमच्याकडे आले तेव्हा मी आधीच चिडलेली होते, हे आता कबूल करते. कारण हाच पट्टा सहा महिन्यांपूर्वी पुण्यात एका चकचकीत दुकानात दुरुस्त करून घेतला होता. थंडगार एसी, काउंटरवर फुलं, छापील पावती, नऊ दिवस आणि नऊशे रुपये. त्याआधी दुसऱ्या एका दुकानदाराने बॅग उघडूनही न पाहता सांगितलं होतं, "मॅडम, एवढ्या खर्चात नवीन येईल." येईलही. पण मी नवीन कुठे मागितली होती?

तुम्ही पट्ट्याला हातच लावला नाही. आधी फाटलेली कड उजेडात धरलीत आणि नखाने खरवडलीत. "आत तांबूस हाय. निळं असतं तर क्रोमचं. हे सालीत कमावलेलं दिसतंय, म्हंजे जगंल." एकोणीस वर्षं बॅग वापरली, पण तिची कड अशी वाचता येते हे मला माहीत नव्हतं. क्रोमच्या मिठात कमावलेलं कातडं रंग चढवण्याआधी निळसर असतं आणि पुष्कळदा कापलेल्या कडेच्या मधोमध तो निळसर-करडा पट्टा दिसतो. बाभळीची साल, हिरडा अशा गोष्टींत कमावलेलं आरपार तपकिरी. तुमच्या गावच्या चपला अशाच कातड्याच्या, म्हणून तुम्हाला ते एका नजरेत कळलं असणार.

मग तुमचं बोट पुण्याच्या दुरुस्तीवर गेलं. दोन चकचकीत रिव्हेट आणि त्यांच्याभोवती शाई सांडल्यासारखे काळे डाग. मला ते डाग म्हणजे मळ वाटत होता. "मळ न्हवं ताई. वरचा मुलामा गेला, आतलं लोखंड उघडं पडलं. लोखंड आन् सालीचा कस, पाणी लागलं की काळं पडतंयच." घरी येऊन मी आमच्या रसायनशास्त्राच्या बाईंना विचारलं. त्या हसल्या. जुन्या काळी शाई याच दोन गोष्टींपासून करायचे म्हणे. म्हणजे मी सहा महिने खांद्यावर शाईचा कारखाना घेऊन फिरत होते. डाग जाईल का, या प्रश्नावर तुमचं उत्तर एका शब्दाचं होतं: "न्हाई." ते मला फार आवडलं. दुकानात सगळंच जात होतं.

रिव्हेटखाली त्यांनी झटपट चिकटणारा गोंद ओतला होता. तो वाळून काचेसारखा झालेला, त्यामुळे कातडं वाकायचं तिथे वाकेना आणि गोंदाच्या कडेवरच तुटलं. शिवाय मूळ मशीनच्या शिलाईची भोकं इतकी जवळजवळ, आणि तीही पट्ट्याला आडवी. तुम्ही मला पावतीच्या पुस्तकाचं उदाहरण दिलंत: "भोकं पाडलेल्या रेघेवरच कागद फाटतोय न्हवं? तसंच हाय हे." पट्टा ओझ्याने तुटलाच नव्हता. आम्हीच त्याला कुठे फाटायचं ते आखून दिलं होतं.

पुढचं सगळं लिहीत बसत नाही, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. रापीने काचेसारखा झालेला भाग कापून काढलात, अस्तर उसवून आतून ठिगळ लावलंत, त्याच्या कडा रापीनेच कागदासारख्या पातळ केल्यात. ठिगळ निवडताना दोन तुकडे माझ्या हातात दिलेत, ओढून बघा म्हणून. एक रबरासारखा ताणला गेला, दुसरा ढिम्म. ताणणारा पोटाकडचा, न ताणणारा पाठीचा. सोल्युशन दोन्ही बाजूंना लावून तुम्ही ते तसंच ठेवलंत आणि चहा मागवलात. मी म्हटलं, चिकटवा की, गाडी जाईल. "वलं चिकटवलं तर वलंच ऱ्हातंय. बोटाला लागायचं बंद झालं की मग." छत्री सरकवलीत तेव्हा मला वाटलं माझ्यासाठी. ती बॅगेसाठी होती, सोल्युशन उन्हात फार लवकर वाळू नये म्हणून. मी आपली उन्हात.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते.

तुम्ही शिवायला बसलात. आरी आत, आकड्यात आतला दोरा अडकवून वर, त्या फासातून वरचा दोरा पार, दोन्ही टोकं ओढून घट्ट. प्रत्येक टाका आपला आपण अडकलेला. सहा झाले, सातवा झाला. मी घड्याळ बघत होते, तुम्ही टाके बघत होता. सातव्याला थांबलात. चष्म्याची दोरी मागे सारलीत, बॅग डोळ्यांजवळ नेलीत, अंगठ्याने एक भोक दाबून पाहिलंत. मला सात सुंदर, एकसारखे टाके दिसत होते. दुकानाच्या टाक्यांपेक्षा दसपट सुंदर. तुम्ही काही न बोलता रापी उचललीत आणि सातही कापून टाकलेत.

मी ओरडलेच, "अहो मामा!"

"कातडं वाळलंय लई. दोरा वढला की भोक लांब हुतंय. आज न्हाई फाटणार. पावसाळ्यात फाटंल." आणि मग, जरा ओशाळून, "आधीच बघाया पायजे हुतं. चुकलं माझं."

मामा, मी माणसांच्या चुका शोधण्यावर पोट भरते. एकोणीस वर्षं झाली. चुकीची नोंद कोणाकडूनही होते, त्याचं मला काही वाटत नाही. पण ती झाकायला माणूस काय काय करतो ते मी रोज पाहते. व्हाउचरवर पांढरी शाई, बेरजेत घुसडलेली "किरकोळ" नावाची ओळ, मार्चअखेर उगवलेल्या जुन्या तारखा. मी चूक दाखवली तरी "तसं नाही मॅडम" सुरू होतं. तुमची चूक मला दिसणारच नव्हती. पावसाळ्यात बॅग फाटली असती तर मी बॅगेच्या वयाला दोष दिला असता, तुम्हाला नाही. समोर गिऱ्हाईक घाई करतंय, काम देखणं झालंय, आणि माणूस स्वतःच्या हाताने स्वतःची नोंद खोडून शेजारी "चुकलं" असं लिहितो. एकोणीस वर्षांत असा एकही खातेवही ठेवणारा मला भेटलेला नाही. भेटला असता तर त्याचे हिशेब मी डोळे मिटून सोडले असते, नियमात बसलं नसतं तरी.

त्यानंतर तुम्ही फडकं ओलं करून त्या जागेवर ठेवलंत आणि पुन्हा बसून राहिलात. गाडी तोवर गेली होती, त्यामुळे मलाही आता घाई नव्हती. "सालीचं कातडं पाण्याला ऐकतंय. वलं हाय तवर आरी लोण्यासारखी जाती, वाळताना भोक दोऱ्याला आवळून धरतंय." कातडं मऊ झाल्यावर बारीक आरी घेतलीत, जाड सुती दोरा मेणातून दोनदा ओढलात आणि टाके लांब लांब घातलेत. मशीनचे इंचाला आठ-नऊ होते, तुमचे मोजून पाच. आडव्या रेघेऐवजी पानाच्या आकारात, म्हणजे ओढ एकाच रेघेवर येणार नाही. मधल्या काळात एक शाळकरी मुलगी चपलेचा अंगठा घेऊन आली, तिचा मात्र तुम्ही दोन मिनिटांत शिवून दिलात. तिचा तास होता.

शेवटी गाठ मारायच्या आधी फायली बॅगेत भरायला लावल्यात आणि मला रस्त्यावर चालवून आणलंत. चहावाला हसत होता. दीडशे रुपये झाले. दोन दिवस हातात धरूनच न्यायची, तेल आठवडाभर लावायचं नाही आणि नंतरही शिलाईच्या आतल्या बाजूला लावायचं नाही, नाहीतर चिकटवलेलं सुटेल, हे बजावलंत. मी दुसऱ्याच दिवशी खांद्याला लावली. तेवढी माफी असावी. टाके शाबूत आहेत.

ओलं केलेल्या जागी कातडं थोडं गडद झालंय आणि काळे डाग आहेत तसे आहेत. ऑफिसात कोणी विचारलं तर मी डागांपासून सुरुवात करते, शाई, लोखंड, बाभूळ सगळं सांगते. उसवलेल्या सात टाक्यांपाशी आले की लोक म्हणतात, वेळ वाया गेला असेल ना? मी पुढे बोलत नाही.

निघताना तुम्ही डाव्या पट्ट्याच्या मुळाशी नख फिरवून म्हणाला होतात, "ह्ये बी जाणार. दिवाळीपत्तर धरंल." कालपासून तिथली कड उचलायला लागलीय. पुढच्या महिन्यात कागलला तपासणी आहे. सकाळच्या पहिल्या गाडीने उतरेन, ऊन यायच्या आत. या वेळी पुढच्या गाडीचं तिकीट काढलेलं नसेल. पाठीचा तो दुसरा तुकडा कोणाला देऊ नका.

तुमची,
तपकिरी बॅगवाली ताई