‘आडमुठे’ कोण, हे बातमीने ठरवू नये

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जिल्ह्यातील एका बाजार समितीतील कांदा लिलाव बंद असल्याची आपली बातमी वाचली. पहिलंच वाक्य होतं : ‘व्यापाऱ्यांच्या आडमुठ्या भूमिकेमुळे सलग तिसऱ्या दिवशी लिलाव ठप्प राहिल्याने संतप्त शेतकऱ्यांना कोट्यवधी रुपयांचा फटका बसला.’ मी नाशिकमध्येच अनेक वर्षं डेस्कवर उपसंपादक होतो आणि कांदा पिकवणाऱ्या घरातला आहे. माझा जीव शेतकऱ्याकडेच ओढतो. तरीही हे वाक्य डेस्कवरून जसंच्या तसं पुढे जायला नको होतं.

‘आडमुठी’ हे कुणाचं मत? बातमी पूर्ण वाचल्यावर कळतं, की शेतकरी संघटनेच्या एका पदाधिकाऱ्याचं. मग ते त्यांच्या नावावर जायला हवं. पहिल्या वाक्यात ते वर्तमानपत्राचं मत झालं आहे. वादाचं खरं कारण, म्हणजे हमाली-तोलाईची कपात कुणी आणि कशी करायची, हे मात्र शेवटून दुसऱ्या परिच्छेदात आहे. कारण खाली दडलं आणि त्याच्या जागी विशेषण बसलं.

‘संतप्त’चंही तसंच. बातमीत बोलणारा शेतकरी एकच आहे आणि तोही भाड्याचं गणित शांतपणे सांगतो. वार्ताहराने प्रवेशद्वारावर ट्रॅक्टर आडवे लावलेले पाहिले असतील, घोषणा ऐकल्या असतील, तर तेच लिहावं. राग वाचकाला आपोआप कळेल.

सर्वांत जास्त खटकले ते ‘कोट्यवधी’. हा आकडा कसा येतो, हे डेस्कवरच्या प्रत्येकाला माहीत असतं. समजा, रोजची आवक १५ हजार क्विंटल आणि सरासरी भाव १,५०० रुपये; गुणाकार सव्वादोन कोटी. पण ही थांबलेली उलाढाल झाली. तिला तोटा म्हणता येत नाही, कारण न विकलेला कांदा शेतकऱ्याकडेच असतो. तोटा मोजायचा तर ट्रॅक्टरचं वाया गेलेलं भाडं, सडलेला माल आणि लिलाव पुन्हा सुरू झाल्यावर एकदम आवक वाढून पडलेला भाव बघावा लागतो. त्यातही उन्हाळ कांदा चाळीत काही महिने टिकतो, लाल कांदा टिकत नाही. म्हणजे तीच तीन दिवसांची बंदी हंगामाप्रमाणे कमी-जास्त महाग पडते. बातमीत कांदा कोणता, हेच नाही. असा फुगवलेला आकडा उद्या कुणी एका वाक्यात खोडून काढला, की शेतकऱ्याचा खरा तोटाही कुणी ऐकून घेत नाही. माझा राग आहे तो यासाठी.

क्रियापदांतूनही बाजू घेतली जाते आणि ती पटकन दिसत नाही. या बातमीत संघटनेचा पदाधिकारी ‘स्पष्ट करतो’, व्यापाऱ्यांचा प्रतिनिधी ‘दावा करतो’ आणि समितीचे सचिव ‘मौन बाळगतात’. पहिल्या दोघांचंही म्हणणं तपासलेलं नाही, मग दोघांना ‘सांगितले’ पुरे. सचिवांनी फोन घेतला नसेल, तर ‘संध्याकाळपर्यंत संपर्क होऊ शकला नाही’ एवढंच खरं.

मी डेस्कवर असतो, तर वार्ताहराला फोन करून विचारलं असतं : हे कुणी सांगितलं, तू स्वतः काय पाहिलंस आणि आकडा कुठून आणलास? मग सुरुवात अशी झाली असती : ‘हमाली-तोलाईच्या कपातीवरून वाद असल्याने व्यापारी सलग तिसऱ्या दिवशी लिलावात उतरले नाहीत. त्यामुळे बाजार समितीतील कांद्याचे लिलाव बंद राहिले. ही भूमिका आडमुठी असल्याची टीका शेतकरी संघटनेच्या पदाधिकाऱ्यांनी केली.’ त्यापाठोपाठ व्यापाऱ्यांचं उत्तर आणि भाडं वाया गेलेल्या त्या शेतकऱ्याचे रुपये. वार्ताहराला न विचारता विशेषण नुसतं खोडणं मला मान्य नाही. कदाचित त्याच्या वहीत सबळ माहिती असते आणि घाईत कॉपीत उतरलेली नसते.

याचा अर्थ सगळं मिळमिळीत करा, असाही नाही. व्यापारी लिलावात उतरले नाहीत, ही समितीच्या नोंदीतली गोष्ट असेल तर ती ठामपणे लिहावी. तिथे ‘कथित’ किंवा ‘म्हटले जाते’ लावणं हीसुद्धा चूकच. प्रेस कौन्सिलची आचारसंहिता तर्क आणि टिप्पणी वस्तुस्थिती म्हणून छापू नये असं सांगते. सिद्ध झालेली गोष्ट संशयास्पद करून छापा, असं ती सांगत नाही.

डाक आवृत्तीची घाई मला ठाऊक आहे. तालुक्यातून कॉपी उशिरा येते, पान सोडायचं असतं. वेळ फारच कमी असेल, तर निदान पहिला परिच्छेद आणि मथळा तरी या नजरेने वाचला जावा. आपल्या मथळ्यात ‘आडमुठेपणा’ एकेरी अवतरणात आहे आणि तो शब्द कुणाचा, हे मथळ्यात नाही. पुढच्या बातमीत बोलणाऱ्याचं नाव मथळ्यात घ्यावं किंवा तो शब्द गाळावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त उपसंपादक, नाशिक