पालकमंत्री साहेब, ४६ पानांत माझी बायको कुठे आहे?

मा. पालकमंत्री महोदय,
स.न.वि.वि.

गारपीट झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी आपण आमच्या गावी आला होता. शाळेच्या व्हरांड्यात खुर्ची टाकली, चहा घेतला नाही, पण शब्द दिला की पंधरा दिवसांत जखमींची यादी लागेल, एकही नाव सुटणार नाही. यादी काही लागली नाही. बायकोच्या खात्यावर मात्र ५,४०० रुपये आले, आणि काल चौकशी अहवालाची प्रत माझ्या हातात पडली. आभाराचं पत्र नाही हे, आधीच सांगतो.

मी शिंपी. गुरुवारच्या बाजारात पत्र्याच्या शेडखाली आम्ही नवरा-बायको मशीन मांडतो. त्या दिवशी शेडचे पत्रे उडाले आणि एक पत्रा तिच्या उजव्या हातावर आला. हाड दोन ठिकाणी मोडलं, आत रॉड टाकला, नऊ दिवस ती दवाखान्यात होती. हे नऊ दिवस महत्त्वाचे, साहेब. केंद्राच्या आपत्ती निधीचे २०२२ ते २०२६ साठीचे निकष आहेत, त्यात जखमी माणूस आठवड्यापेक्षा जास्त दाखल असेल तर १६,००० रुपये आणि कमी असेल तर ५,४००. मी डिस्चार्ज कार्ड घेऊन कचेरीत गेलो. तिथले बाबू म्हणाले, "अहवालात दिवसच नाही ना लिहिले, दादा. मंग आम्ही कमीचं धरलं."

म्हणून माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. अर्जाचे १० रुपये, पानाला २ रुपये, ४६ पानांचे ९२. रात्रभर पेन्सिल घेऊन बसलो. पान ४ वर जखमी ११, पान १९ वर उपचार ९ जणांवर आणि पान ३१ वर 'सुमारे १० नागरिक'. मी प्रत्येक उल्लेखापाशी खूण करत गेलो तर १३ खुणा झाल्या. मग ध्यानात आलं की पान ७ वरची 'एक वृद्ध महिला' आणि पान २२ वर पूर्ण नावानिशी आलेली बांगड्यावाली आजी एकच आहे. म्हणजे १२. हा १२ चा आकडा तुमच्या अहवालात कुठेच नाही.

आणि माझी बायको? पान २३: 'इतर तिघांना हातापायास मार लागल्याने उपचारार्थ दाखल करण्यात आले.' त्या तिघांत एक कांदेवाला होता, तो संध्याकाळीच घरी आला. चहावाल्याचा पोरगा दोन दिवस होता. तिसरी ही. एका वाक्यात तिघं कोंबले की नऊ दिवसही दोन दिवसांसारखेच दिसतात. तिला वाचून दाखवलं तर म्हणाली, "माह्या हाताचे दिवस मोजाले कोनालेच जमलं नाही का?" डाव्या हातानं पोळ्या लाटत होती तेव्हा.

साहेब, हे काम एका तक्त्याचं होतं. एका ओळीत एक माणूस. नाव, वय, गाव, मार कुठे लागला, दाखल कधी, सुटी कधी, दिवस किती, पुरावा कोणता. तक्त्यात 'व इतर' या नावाच्या माणसाला ओळ मिळत नाही. आजी दोनदा आली असती तर वय आणि गाव एकाखाली एक दिसून कोणाच्याही नजरेत भरलं असतं. शेवटची ओळ मोजली की आकडा एकच निघतो, पान ४ चा वेगळा अन् पान ३१ चा वेगळा असं होत नाही. आणि दिवसांचा रकाना कोरा राहिला तर तो कोरा दिसतो. वाक्यात राहून गेलेली गोष्ट दिसत नाही, ते वाक्य पूर्णच वाटतं. फक्त कोऱ्या जागी 'निरंक' लिहू नका. निरंक म्हणजे काहीच नाही. माहीत नसेल तर 'माहिती घ्यायची आहे' असं लिहा, या दोन्हीत १०,६०० रुपयांचा फरक पडतो. माझ्या घरात पडला.

नुकसानीचंही तेच. 'तीन जनावरे दगावली.' कोणती हो? माझ्या शेजाऱ्याचा एक बैल आणि त्याच्या भावाच्या दोन शेळ्या. निकषात बैलाला ३२,००० आहेत, शेळीला ४,०००. म्हणजे ४० हजार होतात. तिन्ही शेळ्याच धरल्या तर १२ हजार. अहवाल लिहिणाऱ्याला बैल अन् शेळी यांत फरक वाटत नसेल, तर पोळ्याला त्यानं शेळी सजवावी. नग, प्रकार, मालक, पूर्ण की अंशतः, एवढे रकाने आखायला किती वेळ लागतो? माझी मशीन तर 'शिलाई मशीन इ. साहित्य' यात गेली. इ. म्हणजे मी.

शेड का पडलं, ते मात्र तक्त्यात बसणार नाही, मान्य आहे. बोल्ट गंजले होते, एका बाजूनं वारा आत शिरला, पत्रे खालून उचलले गेले, हे सलगच लिहावं लागतं. पान ११ ते १६ मध्ये ते चांगलं लिहिलंय. लिहिणाऱ्याला लिहिता येतं, म्हणूनच जास्त राग येतो.

आता शेवटची पानं, कार्यवाहीची. माझ्या पोराच्या वहीत मी ती अशी उतरवली:

| काम | कोणी करायचं | कधीपर्यंत |
|---|---|---|
| दुसरं शेड तपासून उतरवणे | | |
| सुटलेल्या जखमींचे फेरपंचनामे | | |
| विजेचा कललेला खांब बदलणे | संबंधित विभाग | तातडीने |

कोऱ्या जागा मी सोडलेल्या नाहीत, त्या अहवालातच तशा आहेत. 'उतरवण्यात यावे', 'करण्यात यावेत', 'कार्यवाही व्हावी'. कर्ताच नाही. ग्रामपंचायत म्हणते शेड जिल्हा परिषदेच्या बांधकामाचं, बांधकामवाले म्हणतात आम्ही बांधून ताब्यात दिलं. दोघंही अहवालच दाखवतात, आणि त्यात दोघंही नाहीत. त्या रकान्यात एकच पद हवं होतं, 'विभाग' नको, कारण विभागाला फोन लागत नाही.

बरं, सरकारला तक्ता येत नाही म्हणावं तर तेही नाही. तलाठ्याचे गाव नमुने १ ते २१ हे सगळे रकानेच आहेत. माझ्या भावाच्या सातबाऱ्यावर पीक कोणतं, ओलिताखाली किती, बोजा कोणत्या बँकेचा, सगळं आपापल्या चौकोनात. कर्जाचा एक रुपया सुटत नाही. घेताना तक्ता, देताना निबंध! तालुक्यात असे शंभरेक अहवाल कपाटात पडले असतील. मी मोजले नाहीत, पण तुम्हीही मोजले नसतील. डिसेंबरात नागपूरला अधिवेशन होतं, विदर्भाच्या प्रश्नावर चर्चा होते, उत्तर येतं 'कार्यवाही करण्यात येत आहे'. कोण करत आहे, हे विचारायला आम्ही तिथवर पोचत नाही. पोचलो तर मोर्चा अडवायला पोलीस असतात, आणि ते मात्र मोजून नेमलेले असतात.

मागणी लहान आहे. १२ ओळींचा जखमींचा तक्ता मीच करून सोबत जोडला आहे, डिस्चार्ज कार्डांच्या झेरॉक्ससह. आपल्या माणसांनी फक्त तपासून सही करावी. कार्यवाहीच्या तक्त्यातले कोरे रकाने मला भरता येत नाहीत, ते आपण भरा.

दुसरं शेड अजून उभं आहे. गेल्या गुरुवारी वारा सुटला तेव्हा त्याचे पत्रे खडखडले आणि सगळा बाजार एकदम वर पाहू लागला. मी आता मशीन बाहेर उन्हात मांडतो. बायको घरीच असते.

आपला,
गुरुवारच्या बाजारातला शिंपी