टिटवाळ्याहून मित्रास पत्र

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. प्रौढांच्या वर्गात तू रेल्वेचे वेळापत्रक काढलेस आणि पहिल्याच संध्याकाळी सगळे गप्प बसले, हे वाचून मला माझाच पहिला तास आठवला. मी तेव्हा स्थानकांची नावे वाचून घेत बसलो होतो. ती तर त्यांना तोंडपाठ होती; कल्याणपुढची स्थानके त्यांनीच मला क्रमाने म्हणून दाखवली. अडत होते ते तक्त्याच्या रचनेपाशी. स्थानके एकाखाली एक असतात आणि प्रत्येक गाडीला स्वतःचा उभा रकाना असतो. पण नव्याने वाचायला शिकलेला माणूस डावीकडून उजवीकडे वाचण्याची सवय मोठ्या कष्टाने लावून घेतो, आणि नेमकी तीच येथे आडवी येते. टिटवाळ्यासमोरचे ८.०४, ८.३१ आणि ८.५८ हे तीन गाड्यांचे आकडे त्यांना एकाच गाडीचा प्रवास वाटत होते.

यावर उपाय म्हणून मी जुन्या पोस्टकार्डाला एका रकान्याएवढी उभी फट पाडली. कार्ड तक्त्यावर ठेवले की एकच गाडी दिसते आणि बोट शेजारच्या रकान्यात घसरत नाही. वेळेच्या जागी आडवी रेघ असेल, तर गाडी त्या स्थानकावर थांबत नाही, एवढाच तिचा अर्थ असतो. बऱ्याच जणांना मात्र ती गाडीच रद्द झाल्याची खूण वाटते.

गाडी बदलण्याचा धडा मी टिटवाळा ते पनवेल या प्रवासावर घेतला. वर्गातील एका ताईंना पनवेलच्या दवाखान्यात अकरा वाजता पोहोचायचे होते आणि त्यासाठी ठाण्याला उतरून नवी मुंबईकडे जाणाऱ्या ट्रान्स-हार्बर मार्गाची गाडी धरावी लागते. वेळा सरावासाठी मीच ठरवल्या होत्या. टिटवाळ्याहून वर सांगितलेल्या तीन गाड्या ठाण्याला ८.५२, ९.१९ आणि ९.४६ ला पोहोचतात, ठाण्याहून ९.०८, ९.२९ आणि ९.५४ ला सुटणाऱ्या गाड्या पनवेलला १०.००, १०.२१ आणि १०.४६ ला जातात. ताईंनी साहजिकच घरापासून सुरुवात केली. मी त्यांना दवाखान्याच्या दारापासून उलटे यायला सांगितले. स्थानकापासून दवाखान्यापर्यंत वीस मिनिटे लागतात, म्हणजे १०.४० च्या आत पनवेल गाठायला हवे, १०.४६ ची गाडी बाद झाली. १०.२१ ला पोहोचणारी गाडी ठाण्याहून ९.२९ ला सुटते. पूल चढून उतरायला गुडघेदुखीच्या माणसाला दहा मिनिटे धरली, तर ठाण्याला ९.१९ पर्यंत यायला हवे, आणि ८.३१ ची गाडी बरोबर तेव्हाच येते. कागदावर हिशेब जुळला. मग मी विचारले, ही गाडी पाच मिनिटे उशिरा आली तर? त्यांनी कार्ड शेजारच्या रकान्यावर सरकवले, खाली १०.४६ पाहिले आणि म्हणाल्या, “मग मी ८.०४ नेच जाईन. एक चुकली तरी मागे दुसरी आहे.” खरे सांगतो, या उत्तराची मला अपेक्षा नव्हती.

वेळांची वजाबाकी मात्र जपून घे. ९.२९ ते १०.२१ हे अंतर काहींनी ९२ मिनिटे काढले, कारण त्यांनी १०२१ मधून ९२९ वजा केले होते. साठ मिनिटांचा तास त्यांना घड्याळात ठाऊक असतो, पण कागदावर तो आठवत नाही. म्हणून मी वजाबाकी बंदच केली. दहा वाजेपर्यंत ३१, पुढे २१, मिळून ५२, अशा उड्या मारून मोजले की चूक क्वचितच होते. परतीच्या १७.४० चेही असेच आहे. दहा वजा करून ‘संध्याकाळी सात चाळीस’ म्हणणारे निम्मे तरी निघतील आणि दोन तास उशिरा फलाटावर उभे राहतील. त्यांना बारा वजा करायला लाव.

एक गोष्ट वर्गात शिकवता येत नाही. ठाण्याला ट्रान्स-हार्बरच्या फलाटांवरून वाशीच्याही गाड्या सुटतात आणि तुर्भ्यानंतर पनवेलची वाट वेगळी होते. आमचे एक काका वेळ अचूक साधूनही वाशीला पोहोचले, कारण त्यांनी फलाट पाहिला, पण इंडिकेटरवरचे नाव वाचले नाही. तेव्हापासून शेवटचा तास मी स्थानकावरच घेतो.

तुमच्याकडे एसटीच अधिक, हे ध्यानात आहे. स्थानकावरच्या फलकावर बस सुटण्याची वेळ आणि ‘मार्गे’ असते. पुढच्या गावी ती कधी पोहोचेल, हे बहुधा नसते. त्यामुळे बस बदलायची असेल, तर तो मधला आकडा चौकशी खिडकीवर विचारूनच घ्यावा लागतो. तो कसा विचारायचा, याचाही वर्गात सराव घे. तुमच्या स्थानकावरचा फलक हाताने उतरवून पुढच्या पत्रासोबत पाठव, म्हणजे त्यावरून दोन प्रवास तयार करून देतो.

तुझा स्नेही

ता. क. कार्डाची फट ब्लेडने पाड. कात्रीने कड वाकडी होते आणि आकडे अर्धे झाकले जातात.